ऑपरेशननंतर सासऱ्यांचं वजन उतरतंच आहे, दोन घासांत पोट भरतं

कृष्णाकाठ | ८ डिसेंबर, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. इथे वाचत असते, लिहिते पहिल्यांदाच.

माझे सासरे, वय ६९. ऑक्टोबरात अपेंडिक्स फुटून पोटात पू झाला. एक ऑपरेशन झालं, आठव्या दिवशी परत पोट उघडावं लागलं. एकूण २६ दिवस दवाखान्यात, त्यातले नऊ आयसीयूत. आजाराआधी वजन ५८ किलो होतं, उंची पाच फूट चार इंच. घरी आणलं तेव्हा ४६.५ भरलं आणि काल काट्यावर बरोबर ४५. म्हणजे घरी आल्यापासून तीन आठवड्यांत आणखी दीड किलो उतरलं.

सर्जन म्हणतात जखम छान भरतेय, सगळं खायला द्या. पण बाबा खातच नाहीत. दोन घास घेतले की ताट सरकवतात, 'पोट गच्च झालं' म्हणतात. सासूबाई हलकं म्हणून सगळं पातळ करून देतात. काल दिवसभरात पोटात गेलं ते असं. सकाळी अर्धा कप चहा, दोन मारी. नऊला तांदळाची पेज एक वाटी, मीठ घालून. अकराला शहाळं. दुपारी मऊ भात आणि वरणाचं पाणी, छोटी वाटी. चारला परत चहा-मारी. सहाला भाज्यांचं गाळलेलं सूप. रात्री अर्धी वाटी दूधभात आणि उकडलेल्या सफरचंदाच्या दोन फोडी.

दिवसभर काही ना काही चालू असतं, तरी वजन का उतरतंय? मालिशवाल्या बाईने पाठीला तेल लावताना बरगड्या हाताला लागतात म्हणून सांगितलं, तेव्हापासून मला झोप नाही.

दर्याकिनारी | ८ डिसेंबर, रात्री ११.१५

ताई, मटणाच्या हाडांचं सूप द्या. आमच्याकडे वेंगुर्ल्याला बाळंतीण असो की आजारी माणूस, पायाचं सूप आठ दिवस प्यायलं की उठून बसतो. माझे वडील बायपासनंतर त्यावरच उभे राहिले. आणि पेज देताय ते उत्तमच, पेजेसारखं दुसरं काही नाही.

गवतीचहा | ९ डिसेंबर, सकाळी ७.०५

अग्नी मंद झालाय, त्यावर खाणं लादू नका. भूक लागेपर्यंत थोडं लंघन होऊ द्या. जेवणाआधी आल्याचा कीस, लिंबू आणि सैंधव चाटवा. तूप-तेल सध्या अजिबात नको, आतड्यांवर ताण येतो.

मनमाड_जंक्शन | ९ डिसेंबर, सकाळी ९.३०

माझ्या भाच्यालाही हाच प्रॉब्लेम आहे. वय २१, वजन ५२, कितीही खाल्लं तरी अंगाला लागत नाही. जिमवाल्याने मास गेनर घ्यायला सांगितलंय. ते काकांनाही चालेल का? एका डब्यात तीन किलो येतं.

उंबरठा | ९ डिसेंबर, दुपारी २.२०

कृष्णाकाठ, मी ३१ वर्षं महापालिकेच्या रुग्णालयात आहार विभागात होते, आता निवृत्त आहे. तुम्ही दिवसभराचं खाणं वाटीनिशी लिहिलंत, त्यामुळे हिशेब करता आला.

सगळं मिळून साडेसहाशे ते सातशे कॅलरी होतात आणि प्रथिनं जेमतेम सोळा ग्रॅम. पंचेचाळीस किलोच्या माणसाला मोठ्या आजारातून उठताना चौदाशे-पंधराशे कॅलरी आणि साठ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात. प्रथिनं पाव भागच जातायत. उरलेलं शरीर स्वतःच्या मांड्यांमधून आणि दंडांमधून काढतंय, म्हणून बरगड्या लागतात.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. दिवसभर चालू आहे ते बहुतेक पाणी आहे. पेज, शहाळं, गाळलेलं सूप आणि वरणाचं पाणी मिळून पोटातली बरीच जागा घेतात आणि देतात फार तर दोनशे कॅलरी. इतके दिवस उपाशी राहिलेलं पोट थोडक्यात भरतं. ते पाण्याने भरलं की घासाला जागा उरत नाही. दवाखान्यातून आल्यावर पहिले तीन-चार दिवस पेज ठीक होती. सर्जननी सगळं खायला सांगितल्यावर तीन आठवडे पेजेवर ठेवणं म्हणजे अर्धपोटी ठेवणं.

म्हणून वाटी वाढवू नका. आहे त्याच वाटीत जास्त घाला. पेजेऐवजी मूगडाळ घालून शिजवलेला घट्टसर मऊ भात, वर दोन चमचे साजूक तूप आणि चमचाभर मेतकूट. वाटी तेवढीच, पण सत्तरच्या जागी दोनशेच्या पुढे कॅलरी आणि चौपट प्रथिनं. वरणाचं पाणी बंद, खालची डाळ घोटून द्या. शहाळं आणि सूप पूर्ण बंद. पाणी जेवणाबरोबर नको, मधल्या वेळेत घोट घोट.

दर्याकिनारी, सुपाने तोंडाला चव येते हे मान्य, पण हाडांच्या सुपात ताकद फारशी उतरत नाही. ताकद मांसात राहते आणि ते बहुतेक घरातले इतर लोक खातात. द्यायचंच तर मऊ शिजलेलं मटण बारीक करून त्यातच मिसळा.

गवतीचहा, आलं-लिंबू-सैंधव जरूर द्यावं, लाळ सुटते आणि जीभ जागी होते. लंघन मात्र या माणसाला नको. बारा-तेरा किलो उतरलेल्या शरीरात लंघन करण्याजोगं काही शिल्लक नाही. तुपाला घाबरायचं कारण पित्ताशयाचा किंवा स्वादुपिंडाचा आजार असेल तर. इथे अपेंडिक्स होतं.

दोन प्रश्न आहेत. घरी आणलं तेव्हा पाय सुजलेले होते का? आणि किडनी, शुगर यांचे रिपोर्ट कसे होते?

खडीसाखर | ९ डिसेंबर, संध्याकाळी ६.५०

मी मँचेस्टरला वॉर्डात नर्स आहे, मूळची साताऱ्याची. इकडे अशा पेशंटना साध्या दुधाऐवजी पावडर मिसळलेलं दूध देतात. एक पाइंट, म्हणजे साधारण ५७० मिली मलईच्या दुधात चार टेबलस्पून दूध पावडर. तेच दिवसभर चहात, लापशीत, सगळीकडे वापरायचं. पेशंटला वेगळं काही 'खाल्लं' असं वाटत नाही.

उंबरठाताईंचं सगळं पटलं, पण एक सांगते. साडेसहाशेवरून पंधराशेवर एका दिवसात उडी मारू नका. फार दिवस अर्धपोटी असलेल्या माणसाला एकदम भरपूर, त्यातही गोड, दिलं तर रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम झपाट्याने उतरू शकतं. रोज शंभर-दीडशे कॅलरी वाढवत आठवडाभरात तिथे पोहोचा. त्या दिवसांत धाप, छातीत धडधड, अचानक अंगावर सूज किंवा बरळणं दिसलं तर तडक दवाखान्यात न्या. आणि बी-१ची गोळी चालू आहे का, हे डॉक्टरांना आधीच विचारा.

कृष्णाकाठ | ९ डिसेंबर, रात्री ११.००

उंबरठाताई, तुमचा हिशेब सासूबाईंना वाचून दाखवला. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, मी तर जिवापाड करत होते. त्यांना लागलं याचं मलाही वाईट वाटलं.

पाय सुजले होते, हो. घोट्यांवर मोज्याचा वण राहायचा. आठवड्याभरात सूज उतरली. क्रिएटिनिन नॉर्मल आहे. शुगर आयसीयूत वाढली होती, आता उपाशीपोटी १०४. डॉक्टरांना फोन केला, बी-कॉम्प्लेक्स चालू आहे, तेवढं पुरे म्हणाले.

अडचण अशी की सासूबाईंचं ठाम मत आहे, टाके भरेपर्यंत अंडं, दही आणि डाळी नकोत, पू होतो. एकदा पू होऊन गेलेला, त्यामुळे त्यांची भीती मला खोडता येत नाही.

उंबरठा | १० डिसेंबर, सकाळी ११.१०

मग घरी आल्यावरचा दीड किलो बहुतेक सुजेचं पाणीच होतं, तेवढ्यापुरती झोप लागू द्या. पण त्याचा अर्थ असाही की ४६.५ हा आकडा कधी खरा नव्हता. आज ४५ पासून मोजायला सुरुवात करा. आठवड्यातून एकदा, त्याच वारी, सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, त्याच कपड्यांत. रोज काट्यावर उभं करू नका, पोट साफ झालं-न झालं यानेच अर्धा किलो इकडेतिकडे होतो. सोबत डाव्या दंडाचा मधला घेर शिंप्याच्या टेपने मोजून लिहून ठेवा.

पुढे कधी चार-पाच दिवसांत किलोभर वाढलं तर खूश होण्याआधी नडगीवर अंगठा दहा सेकंद दाबून बघा. खळगा राहिला तर ती सूज आहे, डॉक्टरांना दाखवायची. खरं वजन आठवड्याला पाव ते अर्धा किलो वाढतं.

सासूबाईंचं पथ्य आमच्या वॉर्डातही रोज ऐकायचे. जखमेत पू होतो तो जंतूंनी. अंड्याने किंवा डाळीने तो होत नाही. जखम भरायला नवीन मांस लागतं आणि ते प्रथिनांतूनच तयार होतं. पण हे तुम्ही सांगू नका. पुढच्या तपासणीला त्यांना बरोबर न्या आणि सर्जनच्या तोंडून ऐकू द्या. सुनेने सांगितलं की तो वाद होतो.

अबोली७१ | १० डिसेंबर, दुपारी ४.३०

मी पेशंटच्या बाजूने लिहिते. तीन वर्षांपूर्वी माझ्या जठराचा काही भाग काढला आणि ५१ वरून ३८ किलोवर आले होते.

घरच्यांना वाटायचं मी हट्ट करते. खरं म्हणजे भरलेलं ताट समोर आलं की तोंडाला पाणी सुटायचं ते मळमळीचं. पहिला घास जायच्या आधीच हरल्यासारखं वाटायचं. त्यात नवरा, मुलगी, जाऊ, सगळे माझ्या हाताकडे बघत बसलेले. 'अजून एक, माझ्यासाठी एक.' मी तो घास गालात धरून ठेवायचे आणि मोरीत जाऊन थुंकायचे. हे मी आजवर घरी सांगितलेलं नाही.

मला उपयोग झाला तो या गोष्टींचा. मुलीने ताट बंद केलं आणि चटणीच्या वाटीत भात द्यायला लागली. तेवढा संपायचा. संपला की बरं वाटायचं आणि दोन तासांनी परत तेवढाच. फोडणीच्या वासाने पोट ढवळायचं म्हणून स्वयंपाक चालू असताना मी गच्चीवर बसायचे. गरम अन्नाला वास जास्त येतो, तेच कोमट करून दिलं की जायचं. आणि सकाळी भूक त्यातल्या त्यात बरी असायची, संध्याकाळी शून्य. तेव्हा सगळ्यात कसदार खाणं सकाळी अकराच्या आत उरकायचं.

बाबांना विचारा, कुठल्या वेळी आणि कशाचा त्रास होतो. 'खात नाही' आणि 'खाववत नाही' यांत फार फरक आहे. आणि तोंडात काही झालंय का तेही बघा. मला कडू लागायचं ते गोळ्यांमुळे.

कृष्णाकाठ | १२ डिसेंबर, रात्री ९.२५

अबोलीताई, तुमचं वाचून रडले आणि मग बाबांना विचारलं. आधी 'काही नाही' म्हणाले. मग म्हणाले, चव मातीसारखी लागते आणि कवळी टोचते.

कवळी काढायला लावली, मोबाईलचा टॉर्च मारला. टाळूला आणि जिभेच्या मागच्या अर्ध्यावर दह्याच्या कवडीसारखा पांढरा थर. बोटाला फडकं गुंडाळून पुसला तर खाली लालभडक. माणूस महिनाभर या तोंडाने खातोय आणि आम्ही 'घ्या ना, घ्या ना' करत होतो.

आज गावातल्या डॉक्टरांना दाखवलं. इतके दिवस अँटिबायोटिक चालू होतं, त्याने बुरशी झाली म्हणाले. तोंडात लावायचं क्लोट्रिमॅझोलचं औषध दिलंय, दिवसातून चारदा. कवळी रात्री काढून औषधी पाण्यात ठेवायची. हिरड्या आटल्यामुळे कवळी सैल झालीय, ती नंतर दाताच्या डॉक्टरांना दाखवायची.

खडीसाखर | १३ डिसेंबर, पहाटे २.१०

शाबास. हे बघायचं बऱ्याचदा राहून जातं. औषध लावल्यावर अर्धा तास काही खायला-प्यायला देऊ नका आणि थर गेला तरी डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पूर्ण करा. कवळीवर उपचार केले नाहीत तर तिथूनच परत होतं.

अजून एक, पोट साफ होतंय का? बद्धकोष्ठ असेल तरी दोन घासांत गच्च वाटतं. ट्रामाडॉलसारखी वेदनेची गोळी किंवा लोहाची गोळी चालू असेल तर हमखास.

कृष्णाकाठ | १३ डिसेंबर, सकाळी ८.००

तीन-चार दिवसांतून एकदा. लोहाची गोळी चालू आहे. तुम्ही विचारेपर्यंत मी या दोन गोष्टी एकमेकींशी जोडल्याच नव्हत्या.

पळसफूल | १४ डिसेंबर, दुपारी १.१५

चंद्रपूरहून लिहितोय. माझ्या भावाला फुप्फुसाचा टीबी झाला होता, ४१ किलोवर आला होता. औषध चालू झाल्यावर टीबीच्या ताईंनी दर महिन्याला वजन लिहून घेतलं. आधी मला तो सरकारी सोपस्कार वाटायचा. नंतर कळलं की झारखंडमधल्या टीबी रुग्णांचा मोठा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झालाय. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन पाच टक्के वाढलं, त्यांच्यात मृत्यू बरेच कमी होते. त्या अभ्यासात रुग्णांना महागडे डबे दिले नव्हते. तांदूळ, डाळ, दूध पावडर, तेल असंच रेशन होतं.

टीबीवाल्यांना निक्षय पोषण योजनेतून खात्यात महिना हजार रुपये येतात, नोव्हेंबर २०२४ आधी पाचशे यायचे. आम्ही त्यातून शेंगदाणे आणि अंडी आणायचो. तुमच्याकडे ती योजना लागू नाही, पण सामान तेच. शेंगदाणे भाजून, सालं काढून, गुळाबरोबर मिक्सरमधून दोनदा फिरवा आणि सुपारीएवढे लाडू करा. कवळीवाल्यालाही चावावे लागत नाहीत.

दर्याकिनारी | १४ डिसेंबर, दुपारी ३.४०

लाडवांचंच निघालंय तर डिंकाचे करा, हाडं भरून येतील.

उंबरठा | १४ डिसेंबर, संध्याकाळी ५.३०

डिंकाचा लाडू चांगलाच. तूप, खोबरं, खारीक, सगळं आहे त्यात. चुकतं ते आकारात. लिंबाएवढा लाडू सकाळी दिला की दुपारचं जेवण जातं आणि आई म्हणते, 'लाडू खाल्ला ना, मग झालं.' पळसफूल म्हणतात तसा सुपारीएवढा वळा आणि जेवण झाल्यावर द्या.

कृष्णाकाठ | २२ डिसेंबर, रात्री १०.१५

पंधरवड्याचा हिशेब लिहिते.

तोंडातला थर पाचव्या दिवशी गेला. सहाव्या दिवशी बाबा म्हणाले, आज मेतकूट मेतकुटासारखं लागतंय. डॉक्टरांनी लोहाची गोळी महिनाभर थांबवली आणि रात्रीचं पातळ औषध दिलं, पोट आता एक दिवसाआड साफ होतं. सासूबाई तपासणीला आल्या. सर्जननी त्यांना सांगितलं, 'आजी, रोज अंडं द्या, हे माझं प्रिस्क्रिप्शन समजा.' दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः उकडलं.

चूक माझी झाली ती दुधात. अर्धा लिटर म्हशीच्या दुधात चार मोठे चमचे पावडर, असं दिवसभर वापरायचं ठरवलं. पहिल्या दिवशी गरम दुधात पावडर टाकली तर गुठळ्याच झाल्या. आता आधी कोमट दुधात पेस्ट करते, मग बाकीचं दूध ओतते. पण चौथ्या दिवशी पोट फुगलं, गुडगुड आणि दोनदा पातळ शौचाला. दूध पूर्ण बंद केलं. त्यात तीन दिवस गेले.

आज वजन ४४.८. म्हणजे अजून उतरलंच. दंड २१.५ सेंमी, तेवढाच आहे.

त्यात मधे एक प्रकार झाला. मेडिकलवाल्याने भूक लागायचं सिरप दिलं होतं. दोन दिवस बाबा दिवसभर झोपून होते आणि लघवी अडखळत होती. बंद केलंय.

खडीसाखर | २३ डिसेंबर, पहाटे १.३०

बाटलीवर सिप्रोहेप्टाडिन लिहिलंय का बघा. त्याने झोप येते आणि प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी तुंबू शकते. या वयात डॉक्टरांनी बघितल्याशिवाय अजिबात नको. आणि कुणी वजन वाढवायच्या पुडीतल्या सुट्या गोळ्या दिल्या तर त्या घरातही आणू नका. अशा गोळ्यांत स्टिरॉइड निघाल्याची उदाहरणं आहेत. चेहरा भरतो, लोकांना वाटतं सुधारला, पण दंड-मांड्या आणखी आटतात.

उंबरठा | २३ डिसेंबर, सकाळी १०.४५

४४.८ बघून खचू नका. आठवडा पोट बिघडण्यात गेला, त्या मानाने वजन टिकलंय.

इतकी अँटिबायोटिक घेतल्यावर दुधातली साखर काही दिवस पचत नाही, पोट फुगतं, त्यालाच लोक म्हणतात 'दूध बाधलं'. दुधाऐवजी चक्का वापरा. अर्धा लिटर दुधाचं दही फडक्यात चार-पाच तास टांगा. निघणाऱ्या पाण्याबरोबर दुधाची साखर बरीचशी जाते, प्रथिनं आणि साय वर राहतात. तो चक्का दोन वेळच्या मऊ भातात घाला, थोडा पिठीसाखर-वेलदोडा घालून चमचा चमचा द्या. दोन आठवड्यांनी पावडरीचं दूध पाव कपापासून परत सुरू करा, बहुतेक सोसेल. पातळ शौचाबरोबर ताप किंवा रक्त दिसलं तर मात्र वाट बघू नका.

आणि जे वाढता ते लिहू नका, जे पोटात जातं ते लिहा. कागदावर पंधराशे असतात, वाटीत तिसरा हिस्सा उरतो.

आता दुसरी बाजू. बाबा दिवसभर पलंगावर आहेत का? नुसतं खाणं वाढवून माणूस पडून राहिला तर वाढणारं वजन पोटावर चरबी म्हणून बसतं. स्नायूला काम मिळालं तरच तो प्रथिनं ओढून घेतो. हातांची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, समोर तुम्ही उभ्या राहा. बसलेल्याने उठायचं, परत हळू बसायचं. पोट दोनदा उघडलंय, म्हणून वजन उचलायला किंवा पोटाचे व्यायाम करायला सर्जन सांगेपर्यंत बंदी, पण उठबस चालते का हे त्यांना एकदा विचारून घ्या. अर्ध्या मिनिटात किती होतात ते लिहून ठेवा.

गवतीचहा | २३ डिसेंबर, दुपारी १२.२०

लंघनाबद्दल मी घाईत लिहिलं. दह्याबद्दल मात्र अजून शंका आहे, थंडीच्या दिवसांत रात्री दही नको. चक्का दिवसा द्यावा.

उंबरठा | २३ डिसेंबर, दुपारी १.००

दिवसा द्या, काही बिघडत नाही. अबोलीताईंनी सांगितल्याप्रमाणे सकाळीच जास्त जाईल.

कृष्णाकाठ | २६ जानेवारी, संध्याकाळी ७.४५

बरेच दिवस लिहायचं राहिलं. ५ जानेवारीला ४५.६ होतं, आज ४६.९. नडगी दाबून बघितली, खळगा नाही. दंड २२.२.

सध्याचा दिवस असा जातो. सकाळी साडेसातला पावडरीचं दूध अर्धा कप (हो, आता सोसतं), त्यात नावापुरता चहा. नऊला मूगडाळ-तांदळाचा मऊ भात, तूप, मेतकूट. साडेदहाला अंडं. एकला घोटलेलं घट्ट वरण, भात, तूप आणि चक्का. चारला नाचणीच्या सत्त्वाची खीर, पावडरीच्या दुधातली. सहाला शेंगदाण्याचे दोन छोटे लाडू. रात्रीचं फार जात नाही, तीन-चार घास दूधभात. उरलेलं वजा करून रोज बाराशे ते तेराशे कॅलरी होतात. साठ ग्रॅम प्रथिनं एकाही दिवशी झाली नाहीत, पंचेचाळीस-पन्नासवरच अडतं.

सर्जननी होकार दिल्यावर उठबस सुरू केली. पहिल्या दिवशी अर्ध्या मिनिटात तीन, तीही खुर्चीचे हात धरून. तिसऱ्याला मांड्या थरथरत होत्या. काल सात झाल्या. नातू मोजतो, त्यामुळे करतात. मी मोजलं की थकतात.

चटणीची वाटी मात्र जादूची निघाली. बाबा रिकामी वाटी उपडी करून दाखवतात.

मनमाड_जंक्शन | २६ जानेवारी, रात्री ८.३०

ताई, छान बातमी. डबा घेतलात का शेवटी?

कृष्णाकाठ | २६ जानेवारी, रात्री ९.०५

जिमवाला नाही घेतला. मेडिकलमधला आजाऱ्यांचा प्रोटीन डबा एक आणला होता. गोडसर वास आला की बाबा तोंड फिरवायचे. अर्धा तसाच पडून आहे.

खडीसाखर | २७ जानेवारी, पहाटे १.५०

माझं मत थोडं वेगळं आहे. प्रथिनं पन्नासवर अडतायत ना, तिथेच डब्याचा उपयोग होतो. बिनचवीची, बिनगोडाची प्रोटीन पावडर मिळते. एक चमचा वरणात घोटली तर कळतही नाही. किडनी चांगली आहे, डॉक्टरांना विचारून बघा.

उंबरठा | २७ जानेवारी, सकाळी ११.३०

मी अजून थांबेन. दुसरं अंडं किंवा वाटीभर चक्का जास्त गेला तरी तेच साधतं आणि खर्चही नाही. पण खडीसाखर वॉर्डात रोज पेशंट बघतायत, त्यांचं म्हणणं चूक म्हणता येणार नाही. आठवडाभर दुसरं अंडं देऊन बघा. नाही गेलं तर पावडर विचारा.

मनमाड, भाच्याचं वेगळा धागा काढून लिहा. २१ वर्षांचा मुलगा भरपूर खाऊनही वाढत नसेल तर आधी थायरॉइड आणि शुगर तपासा, डबा नंतर.

अबोली७१ | २७ जानेवारी, दुपारी ३.१५

कृष्णाकाठ, मी अजून ४६च्या वर गेले नाही. माझं जठरच लहान झालंय, त्यामुळे ५१ परत दिसेल असं डॉक्टरही म्हणत नाहीत. पण गच्चीचे दोन जिने चढते. बाबांचे ५८ कधी होणार हे सारखं काट्यावर बघू नका, उठबशींचा आकडाही वाढतोय तेवढंच लिहीत राहा.

कृष्णाकाठ | २३ फेब्रुवारी, रात्री १०.००

आज ४८.७. दंड २३, उठबस ९, हात न धरता. नवीन कवळी मापाला दिलीय.

दुसरं अंडं तीन दिवस गेलं, मग कंटाळले. त्याऐवजी सासूबाईंनी एक काढलंय. मुगाच्या डाळीचं पीठ आणि अंडं एकत्र करून पातळ धिरडं, तुपावर. अंडं दिसत नाही. ते एक पूर्ण जातं.

आता नवा प्रश्न. लोहाची गोळी परत सुरू करायची आहे, हिमोग्लोबिन ९.८ आहे. मागच्या वेळी त्यानेच पोट अडलं होतं. कुणी एक दिवसाआड घेऊन बघितलीय का?

उंबरठा | २४ फेब्रुवारी, सकाळी १०.२०

एक दिवसाआड घेतल्यावर पोटाला त्रास कमी होतो आणि लोह शोषलंही बरं जातं, असं आता बरेच डॉक्टर सांगतात. त्यांना हेच विचारा. गोळी दुधाबरोबर किंवा चहाबरोबर नको, मधे दोन तास जाऊ द्या. तुमच्या दिवसात ती जागा कुठे सापडते ते बघायला लागेल. मला तर साडेदहाच्या अंड्यानंतर आणि एकच्या जेवणाआधी बाराचीच दिसते, पण अंड्यानेही लोह थोडं अडतं.

पळसफूल | २४ फेब्रुवारी, दुपारी १२.५०

भावाला रात्री झोपताना दिली होती, लिंबूपाण्याबरोबर. त्याचं पोट नाही अडलं. पण तो रात्री दूध घेत नव्हता.

कृष्णाकाठ | २४ फेब्रुवारी, दुपारी २.३०

रात्रीचा दूधभात मग सातला उरकून बघते आणि गोळी साडेनऊला. शुक्रवारी डॉक्टरांकडे जायचंय, विचारून लिहिते.